240 ची भाजी अ‍ॅपवर 300 ला, तरी हॉटेलवाल्याच्या हातात कमीच

"अमेरिकेत पण अ‍ॅपवरून जेवण मागवलं तर हॉटेलपेक्षा महाग पडतं का, की आपल्यालाच लुटतात?" – फॅमिली ग्रुपवर आतेबहिणीचा प्रश्न.

पडतं गं. मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहते, आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलचं अ‍ॅपवरचं मेन्यूकार्ड आतल्यापेक्षा महागच आहे, वर सर्व्हिस फी, डिलिव्हरी, टिप वेगळं.

पण पुण्याचा हिशोब आधी बघ. मामेभावाचं कोथरूडला छोटं हॉटेल आहे, त्यानेच मला मांडून दिला. पनीर मसाला बसून खाल्लं तर 240, पाच टक्के जीएसटी धरून 252. अ‍ॅपवर तेच 300, डब्याचे 20, त्यावर 16 जीएसटी, म्हणजे 336, आणि डिलिव्हरी नि प्लॅटफॉर्म फी अजून लागायचीच आहे.

तू म्हणालीस जीएसटीमुळे महाग, ते अर्धंच बरोबर आहे. पदार्थावरचा कर दोन्हीकडे पाचच टक्के. जीएसटीचा खरा फटका अ‍ॅप हॉटेलकडून जे कमिशन घेतं त्यावरच्या 18 टक्क्यांचा, कारण पाच टक्केवाल्या हॉटेलला तो परत मिळत नाही. मामेभावाकडून अ‍ॅप 25 टक्के कमिशन घेतं, म्हणजे 300 मागे 75 आणि त्यावर साडेतेरा, हातात राहिले 211 रुपये 50 पैसे. टेबलावर 240 मिळतात. तेवढेच हवे असतील तर अ‍ॅपवर किंमत 340 ठेवावी लागते, आणि 340 ला कोण घेतंय, म्हणून तो मधेच कुठेतरी थांबतो. टेबल, वेटर, एसीचा खर्च पार्सलला लागत नाही हे मी त्याला म्हटलं, तर तो म्हणे अ‍ॅपच्या ऑफरचा भार पण माझ्याच डोक्यावर येतो. किती येतो ते त्याने काही सांगितलं नाही.

मधेच काकांनी लिहिलं की त्यांची खिचडी थंड आली होती. काका, तो वेगळा विषय आहे, पण अर्धी होती का ते बघा, कारण काही ठिकाणी भाव तोच ठेवून डबा लहान करतात. एकदा तोच पदार्थ बसून खाऊन बघितला की कळतं.

आता कोणी म्हणतं सरकारने कमिशनवर मर्यादा घालावी. न्यूयॉर्कने 2021 मध्ये ती पक्की केली, डिलिव्हरीसाठी 15 टक्के. मग 2023 मध्ये डिलिव्हरी करणाऱ्यांना किमान मोबदला ठरला, तो मला हवाच होता, त्यांच्या सायकली मी थंडीत बघते, पण अ‍ॅप्सनी लगेच गिऱ्हाइकाची फी वाढवली. बिलाच्या एका ओळीतून पैसे कमी झाले की दुसऱ्या ओळीत येतात.

म्हणून मला मर्यादेपेक्षा एकच गोष्ट हवी वाटते, अ‍ॅपवर पदार्थाशेजारी हॉटेलातला भाव छापा. मामेभाऊ मात्र याला तयार नाही, गिऱ्हाईक मलाच चोर म्हणेल म्हणतो. तोवर तू ऑर्डर देण्याआधी हॉटेलला फोन करून पार्सलचा भाव विचार, चालत जायच्या अंतरावर असेल तर उचलून आण.