चार किलोंनीही शुगर उतरते

"पंधरा-वीस किलो उतरवल्याशिवाय शुगरला काही फरक पडत नाही, चार किलोंनी काय होणार?"

फरक पडतो, आणि तो आधी सकाळच्या उपाशीपोटीच्या शुगरमध्ये दिसतो. टाइप २ मधुमेहात यकृतात चरबी साठते, मग ते इन्शुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. खाणं कमी केलं की ही चरबी लवकर उतरते, पोटाचा घेर दिसण्याइतका कमी व्हायच्याही आधी. म्हणून ८० किलोंच्या माणसाचे ४ किलोही मोलाचे.

मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात यायला मात्र बहुतेकांना १०-१५ किलो घटवावे लागतात. आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर कृपा करून डॉक्टरांना आधीच सांगा. वजन उतरताना जुनाच डोस जास्त होतो आणि शुगर फारच खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं ही त्याची खूण.