पातळ होतंय म्हणजे पोट साफ आहे, असं नाही

"बौद्धिक अक्षम मुलांचे पोट तसेच असते, घाबरू नये. थोडे का होईना, रोज पातळ होत असेल तर पोट साफ आहे. जुलाबाचे औषध लगेच बंद करावे. ओरडणे, स्वतःला मारून घेणे हा हट्ट आहे, लक्ष देऊ नये. कोंडा आणि इसबगोल वाढवावे. औषधाची आतड्याला सवय लागते. सर्व पालकांना पाठवा."

हा निरोप माझ्या मोठ्या बहिणीला आला आणि तिने त्याच रात्री मुलाची बद्धकोष्ठावरची पुडी बंद केली. भाचा 34 वर्षांचा आहे. तो बोलत नाही आणि त्याला फिट्सची औषधं चालू आहेत. मी अशाच प्रौढांच्या निवासी संस्थेत परिचारिका आहे, त्यामुळे तिने मला सहज म्हणून सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. बाकीची वाक्यं नुसती चुकीची आहेत. दुसरं वाक्य जीव घेऊ शकतं, म्हणून आधी तेच घेते.

शी मोठ्या आतड्यात फार वेळ राहिली की आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं. खाली गुदाशयात घट्ट गोळा तयार होतो, तो पुढे सरकत नाही. वरून येणारी नवी, पातळ शी मग या गोळ्याच्या कडेकडेने झिरपते. ताणून ताणून गुदाशयाची जाणीव बोथट झालेली असते, त्यामुळे ती गळतेय हे त्या माणसाला कळतही नाही. पॅडवर दिवसातून अनेकदा तपकिरी पाण्याचे डाग दिसतात आणि सांभाळणाऱ्याला वाटतं, जुलाब लागले. औषध थांबतं, वर कोणीतरी जुलाब बंद करणारी गोळी देतं, आणि आतला गोळा अजून घट्ट होतो.

बहिणीच्या वहीत रोज बरोबरची खूण होती. 'झाली' एवढंच लिहायची तिची पद्धत. मी तिला कशी झाली आणि किती झाली ते आठवायला लावलं. आधी काही दिवस बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, मग दोन दिवस काहीच नाही, आणि त्यानंतर हे डाग. डागांना नेहमीपेक्षा उग्र वास होता. या सगळ्या दिवसांत घडीव, भरपूर अशी शी एकदाही नव्हती. म्हणजे वहीतली प्रत्येक खूण खरी होती आणि तरीही पोट भरलेलं होतं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तेव्हा खाली डाव्या बाजूला गोळा हाताला लागला. त्याला काय करणार ते दाखवून, समजावून मग गुदद्वारातून बोटाने तपासलं. (ही तपासणी रिकामी आली तरी गोळा वर असू शकतो, तेव्हा तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये.) त्याला मॅक्रोगोलच्या पुड्या सुरू झाल्या, पण रोजच्या मात्रेत नाही. अडकलेला गोळा काढायला प्रौढांना दिवसाला 8 पुड्या, एक लिटर पाण्यात, जास्तीत जास्त 3 दिवस अशी मात्रा वापरतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची. हृदयविकार असेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल तर वेग आणि पद्धत दोन्ही बदलावी लागतात. पहिल्या दिवशी गळती वाढते आणि नेमकं तेव्हाच घरचे लोक घाबरून औषध थांबवतात. बहिणीलाही मला दोनदा थोपवावं लागलं.

आता अर्धं सत्य मान्य करते, कारण ते आहेच. औषधाची मात्रा जास्त झाली तरी पातळ होतं. पण तेव्हा आधीच्या दिवसांत नीट घडीव शी झालेली असते, मात्रा वाढवल्यावरच पातळपणा सुरू होतो, भरपूर होते, पोट मऊ असतं आणि माणूस जेवत असतो. खडे किंवा रिकामे दिवस, आणि मग थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, असा क्रम दिसला तर गोळा आहे असंच धरून तपासून घ्यावं. तोवर जुलाब थांबवणारी गोळी द्यायची नाही.

हे सगळं मी फुगवून सांगतेय असं वाटत असेल तर इंग्लंडमधली एक नोंद सांगते. 2012 साली डाउन सिंड्रोम असलेला 33 वर्षांचा तरुण यातच गेला. त्याला जन्मभर बद्धकोष्ठाचा त्रास होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. पण राहण्याची व्यवस्था बदलली आणि शीवर लक्ष ठेवणं हळूहळू सुटलं. रुग्णालयात भूल देऊन सुमारे 10 किलो शी काढावी लागली, तरी तो वाचला नाही. 2018 साली त्या मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत काळजी घेण्यातल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या.

हट्टाबद्दल. भाचा त्या दिवसांत दोन-चार घास खाऊन ताट सरकवत होता, पाय आवळून टाचा उचलून उभा राहत होता, रात्री झोपत नव्हता, डावी मूठ ओटीपोटात दाबत होता. एक फिट जास्त आली. लघवीही थोडी थोडी होत होती, कारण भरलेला गुदाशय मूत्राशयाला दाबतो. दुसरा एखादा माणूस हेच बोट आत घालून किंवा शी भिंतीला फासून सांगेल, आणि तिसरा अगदी गप्प होऊन बसेल. सगळ्यांना लागू पडेल अशी खूण नसते. त्या माणसाचं एरवीचं वागणं ठाऊक असेल तरच बदल दिसतो. वहीत शीच्या शेजारी वागणूक लिहा. चांगली शी झाल्यावर डोकं आपटणं थांबत असेल तर ते दुखत होतं म्हणून आपटत होता.

कोंडा आणि इसबगोलाबद्दल थोडक्यात: दोन्ही शीचा आकार वाढवतात. पुढे वाट बंद असताना आकार वाढवून काय साधणार? पाणी कमी पोटात गेलं तर इसबगोल स्वतःच अडकतं आणि गिळायला त्रास असणाऱ्याच्या घशातही फुगू शकतं.

सवयीचं म्हणाल तर मॅक्रोगोल आतड्यात पाणी धरून ठेवतं, शरीरात जवळजवळ शोषलंच जात नाही. ताणलेला गुदाशय आकसायला महिने लागतात. तेवढ्यात पुडी बंद केली की तो पुन्हा भरतो आणि मग लोक म्हणतात, बघा, सवय लागली. मनोविकारावरची, लाळ किंवा थरथर कमी करणारी बरीच औषधं आतडं मंद करतात. ती चालू आहेत तोवर पुडीही बहुधा चालू राहणार.

भाच्याला आता जेवणानंतर 20 ते 30 मिनिटांनी संडासला बसवतात, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. पायाखाली पाट ठेवतात, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. दहा मिनिटांत झालं नाही तर उठवतात. वहीत खूण नाही, शी खड्यासारखी की पाण्यासारखी ते सांगणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातला 1 ते 7 पैकी आकडा आणि थोडी, मध्यम की भरपूर ते लिहितात. सलग दोन दिवस रकाना रिकामा राहिला तर पुडी किती वाढवायची हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलंय.

उलट्या, फुगून कडक झालेलं पोट, वारा न सरणं, धाप किंवा गुंगी दिसली तर घरी काही देत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. तिथे पहिलं वाक्य हे सांगा: शेवटची घडीव, भरपूर शी अमुक तारखेला झाली होती.