साठ सेंटिमीटरचा पाठलाग

'डेड बाय डेलाइट' या व्हिडिओ गेममध्ये एका वेळी पाच माणसं खेळतात आणि खेळ बनवणारे विरुद्ध बाजूला सामील आहेत, अशी पाचही जणांची खात्री असते. चार सर्व्हायव्हर म्हणतात, किलर डोईजड झालाय. किलर म्हणतो, या चौघांचे नको तितके लाड चाललेत. मी दोन्ही बाजूंनी खेळतो. त्यामुळे दोन्ही तक्रारी मला तोंडपाठ आहेत आणि त्या त्या दिवशी मी त्या अगदी मनापासून करतो.

२०१६ साली आलेल्या या खेळाचे नियम सोपे आहेत. नकाशावर सात जनरेटर पडलेले असतात. सर्व्हायव्हरांनी त्यातले पाच दुरुस्त केले की बाहेर पडायच्या दरवाजांना वीज मिळते. किलरने तोवर चौघांना गाठायचं, मारून आडवं करायचं आणि हुकावर टांगायचं. टांगलेल्याला सोबती सोडवू शकतात, पण तोच माणूस तिसऱ्यांदा टांगला गेला की त्याचा खेळ आटोपला. नियम इतके सोपे असूनही माझं जे काय होतं, त्याला माझा भाचा 'मामाचं खेळणं' म्हणतो आणि त्याचे मित्र हसतात.

किलर म्हणून माझा छळ साठ सेंटिमीटरचा आहे. बहुतेक किलर सेकंदाला ४.६ मीटर धावतात आणि सर्व्हायव्हर ४ मीटर. म्हणजे मोकळ्या मैदानात बारा मीटर पुढे असलेला माणूस वीस सेकंदांत हाताला लागायला हवा. पण मोकळ्या मैदानात पळेल तो सर्व्हायव्हर कसला? तो भिंतीभोवती गोल फिरतो. गेमर मंडळी याला 'लूप' म्हणतात. त्यात भर म्हणजे त्याचा कॅमेरा पाठीमागे असल्यामुळे त्याला भिंतीपलीकडचा मी दिसतो. मी मात्र किलरच्या डोळ्यांनी बघतो, तेव्हा मला दिसते ती फक्त भिंत. ती भिंत आता माझ्या चांगल्या ओळखीची झाली आहे.

आणि मग पॅलेट. लूपमध्ये उभं असलेलं लाकडी पॅलेट तो आमच्या दोघांच्या मध्ये आडवं पाडतो. ते लाथेने फोडायला मला सव्वादोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तो नऊ मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. साठ सेंटिमीटरच्या हिशेबाने ते अंतर भरून काढायला आणखी पंधरा-सोळा सेकंद. म्हणजे एक पॅलेट मला सुमारे अठरा सेकंदांना पडतं, आणि अशी पाच पॅलेटं झाली की दीड मिनिट गेलं. एकट्या माणसाला एक जनरेटर पूर्ण करायला लागतात नव्वद सेकंद, म्हणजे तेच दीड मिनिट. मी एकाच्या मागे भिंतींना प्रदक्षिणा घालत असताना उरलेले तिघे तीन वेगळ्या जनरेटरवर बसले असतील, तर पाचातले तीन तिथेच संपले. माझ्या हाती काय? पाच फळ्यांचा भुगा.

"मामा, तू त्याला सोडून का देत नाहीस?" भाचा विचारतो.

सोडून कसं देणार? तो पॅलेटच्या पलीकडे उभा राहून उठाबशा काढतो. शाळेत उठाबशा काढणाऱ्याचा अपमान व्हायचा, इथे बघणाऱ्याचा होतो. पण भाच्याचं बरोबर आहे. किलरची सगळी विद्या सोडून देण्यात आहे. एक पॅलेट फुटलं, तरी फटका बसला नाही आणि पुढे आणखी दोन मजबूत लूप दिसताहेत, तर वळायचं आणि जिथे दुरुस्ती चालू आहे त्या जनरेटरकडे जायचं. तिथला माणूस काम टाकून पळाला की पकडला न जाताही त्याचे सेकंद गेले. जाता जाता जनरेटरला लाथ घालायची. त्याचं झालेलं काम हळूहळू उतरू लागतं. हळूहळू म्हणजे खरोखरच हळू, भरण्याच्या वेगाच्या पावपट. म्हणून त्या लाथेसाठी मुद्दाम लांब जाण्यात अर्थ नाही.

दुसरी युक्ती उंच भिंतीची. किलरच्या पुढ्यात जमिनीवर लाल प्रकाश पडतो आणि भिंतीआडून पळणारा त्यावरूनच ओळखतो की तू कुठून येतोयस. म्हणून कोपऱ्याशी पाठमोरं चालायचं. प्रकाश मागे राहतो आणि समोरचा बरोबर आपल्या अंगावर येऊन आदळतो. मला हे जमतं, फक्त पाठमोरा असल्याने मी स्वतः कुठे जातोय हे मला कळत नाही.

सर्व्हायव्हर म्हणून छळ वेगळा आहे. तिथे किलर एकच असतो, पण सोबती तिघे असतात.

मी जनरेटरवर बसलो की लगेच भाच्याचे दोन्ही मित्र तिथे उगवतात. एकटं बसायला भीती वाटते म्हणे. पण एकाच जनरेटरवर माणसं वाढली की प्रत्येकाचा वेग कमी होतो. दोघे बसले तर सुमारे त्रेपन्न सेकंद लागतात, म्हणजे दोन जनरेटर एकामागून एक करायला एकशे सहा. तेच दोघे वेगळे बसले असते तर नव्वदमध्ये दोन्ही झाले असते. शिवाय एकत्र बसलेल्यांना शोधायला किलरला एकदाच यावं लागतं. तो येतो, आणि तिघे तीन दिशांना पळतात. किलर का कोण जाणे, माझीच दिशा पसंत करतो.

हृदयाचे ठोके ऐकू आले की पळायचं, हा यांचा दुसरा नियम. बहुतेक किलरचे ठोके बत्तीस मीटरवरून ऐकू येऊ लागतात. तो सरळ तुमच्याकडेच आला तरी त्याला सात सेकंद लागतील, आणि बऱ्याचदा तो दुसऱ्याच कुणाच्या मागे निघालेला असतो. जनरेटरचे चार सेकंद उरलेले असताना काम टाकून पळणाऱ्याला मी आता काही बोलत नाही. फक्त त्याच्या आईशी बोलतो.

पळता येणं हीसुद्धा कला आहे. पॅलेट दिसताक्षणी पाडायचं नसतं. ते उभं असेपर्यंत त्याच्याभोवती जितक्या फेऱ्या मारता येतील तितके सेकंद फुकटचे. किलर फटक्याच्या अंतरात आला की पाडायचं. आणि पळायचं ते कुणीही काम करत नाहीये अशा दिशेला. आमच्यातला एक जण मात्र किलरला घेऊन थेट माझ्याकडे येतो आणि ओरडतो, "मामा, माझ्यामागे आहे!" मला दिसतंय रे बाबा.

पण आम्ही हरतो ते बहुधा शेवटी. चार जनरेटर झालेले, एक हवा आणि उरलेले तीन अगदी एकमेकांजवळ. मग किलरला पळावंच लागत नाही. तो या तिघांमध्ये येरझाऱ्या घालतो, कुणी बसलं की हाकलतो, लाथ घालतो, पुढे जातो. हा घोळ शेवटी दिसतो, पण तो होतो पहिल्याच दोन मिनिटांत, जेव्हा सगळे सोयीचे, कोपऱ्यातले, लपायला बरे असे जनरेटर आधी करून टाकतात. उपाय एकच. नकाशाच्या मध्यावरचा उघडा जनरेटर सुरुवातीलाच, किलर दुसऱ्या कुणाच्या मागे असताना उरकायचा. मग उरलेले आपोआप विखुरतात.

हे मी परवा सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. खेळ सुरू झाला, भाच्याने किलरला लांब टोकाला नेलं, आणि मी माइकवर म्हणालो, "आता मधला घ्या."

"मधला कुठला, मामा?" एकाने विचारलं. तो त्याच जनरेटरला टेकून लपला होता.