शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर

आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त लोकांना जाणारं आणि सर्वांत कमी लोकांनी वाचलेलं लेखन माझं आहे. मी आयटीत आहे. वर्षातून दोन-तीनदा मी सगळ्या स्टाफला मेल लिहितो. तो मेल लोक उघडतात, पहिली ओळ बघतात, 'हे आपल्यासाठी नाही' असं मनाशी ठरवतात आणि मग मला फोन करून विचारतात की मेलमध्ये काय लिहिलंय.

या वेळचा मेल जुना फाइल सर्व्हर काढून नवा लावण्याबद्दल होता. सगळ्यांच्या संगणकावर जो S: ड्राइव्ह दिसतो, त्यातला ९ टीबी माल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात न्यायचा, एवढंच काम. मेल असा होता:

"शुक्रवारी संध्याकाळी ६ पासून सोमवारी सकाळी ८ पर्यंत S: ड्राइव्ह बंद राहील. ६ वाजण्याआधी आपल्या फाइली सेव्ह करून बंद कराव्यात. संगणक लॉक न करता लॉग ऑफ करावा. नको असलेल्या फाइली खुशाल डिलीट कराव्यात, पण या आठवड्यात फोल्डर हलवू नयेत व त्यांची नावं बदलू नयेत. ड्राइव्हचं नाव आणि शॉर्टकट सोमवारी तेच राहतील, त्यामुळे कुठेही कॉपी करून ठेवण्याची गरज नाही."

पाच वाक्यं. साहेब म्हणाले, "थोडं लहान करा, लोक वाचत नाहीत." मी म्हटलं, "सर, यातलं कुठलं वाक्य काढू?" साहेबांनी मेल पुन्हा वाचला, म्हणजे पहिलं वाक्य पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "बघा तुम्हीच."

मेल गेल्यावर पहिलं उत्तर आलं ते 'रिप्लाय ऑल'वर. शनिवारी ड्राइव्ह चालू असेल का? त्यावर दुसऱ्याने, तेही सर्वांना, उत्तर दिलं: बहुतेक असेल. हे बहुतेक कुठून आलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिसऱ्याने विचारलं, इंटरनेट बंद असेल का? चौथ्याने कळवलं की त्याच्या कीबोर्डचं एक बटण अडकतंय.

एक प्रश्न मात्र खरंच चांगला होता, आणि तो विचारणाऱ्या मॅडमना मी तेव्हापासून मनातल्या मनात मानतो. त्या म्हणाल्या, "अहो, कॉपी तर तुम्ही दोन आठवड्यांपासून करताय म्हणे. मग आता बंद कशाला ठेवायचं?"

झालं असं की ९ टीबी एका दमात कॉपी होत नाही. सेकंदाला १०० एमबी हा वेग मिळाला तरी २५ तास लागतात, आणि तो वेग मोठ्या फाइलींना मिळतो. आमच्याकडे आहेत लाखो बारक्या फाइली. प्रत्येक फाइल उघडायची, लिहायची, तिची तारीख आणि परवानग्या लावायच्या, बंद करायची. फाइल केवढीशी का असेना, हे सोपस्कार तेवढेच. म्हणून मुख्य कॉपी आधीच रात्री-रात्री करून ठेवली होती. पण दिवसा लोक काम करतात (काही जण तरी) आणि कॉपी शिळी होते. मग पुढच्या रात्री फक्त बदललेल्या फाइली न्यायच्या. हा फरक रोज तीस-चाळीस जीबीचा असायचा. शेवटचा फरक नेताना मात्र कोणी काहीच बदलता कामा नये, नाहीतर आपण फरक नेतोय आणि मागे नवा फरक तयार होतोय, हे चालूच राहील. त्या शेवटच्या फरकासाठी बंद. तो तासाभराचा. बाकी वेळ तपासणीसाठी, आणि काही बिघडलंच तर मागे फिरण्यासाठी.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे खरं काम तासाभराचं, आणि सुट्टी आमची जाते?" सुट्टी माझी जात होती, पण ते असो.

शुक्रवारी ६ वाजता मी सर्व्हरवर Open Files ची यादी उघडली. या यादीत कोणत्या नावाने कोणती फाइल उघडी आहे ते दिसतं. यादी स्क्रीनभर होती. मजल्यावर जाऊन पाहिलं तर एकही माणूस नाही. सगळ्यांनी मॉनिटरचं बटण दाबलं होतं. मॉनिटर काळा झाला की संगणक बंद झाला, हा समज किती खोलवर रुजलाय हे कळायला आयटीतच यावं लागतं. काही जणांनी स्क्रीन लॉक केली होती आणि आपण सूचनेच्या पलीकडे जाऊन काळजी घेतली असं त्यांना वाटत असणार. लॉक केल्याने आतलं काहीच बंद होत नाही. एक्सेल उघडं राहतं, आणि आउटलुकने आपली मेल साठवायची PST फाइल तर अशी धरून ठेवलेली असते की दुसऱ्या कोणाला ती वाचताही येत नाही.

कॉपीसाठी मी robocopy वापरतो. विंडोजमध्येच येणारा, दिसायला रुक्ष, स्वभावाने भलताच चिकाटीचा प्रोग्रॅम. फाइल अडलेली असली तर तो ३० सेकंद थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आपण काही सांगितलं नाही तर असे प्रयत्न तो १० लाख वेळा करतो. हिशेब केलात तर एका उघड्या फाइलीसाठी साधारण ३४७ दिवस होतात. म्हणून `/R:1 /W:1` लिहून त्याला आवरावं लागतं: एकदा बघ, सेकंदभर थांब, नाही जमलं तर लॉगमध्ये नोंद कर आणि पुढे चल. मेलमधल्या 'फाइली बंद कराव्यात' या ओळीमागे हे ३४७ दिवस उभे असतात, पण ते मेलमध्ये लिहिले तर मेल आणखी लांबतो.

एकेक उघडी फाइल मी सर्व्हरवरून बंद केली, ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता ठेवला आणि रंगीत तालीम घेतली:

```
robocopy \\junafs\data \\navafs\data /MIR /COPYALL /R:1 /W:1 /L /LOG:C:\logs\fri.txt
```

यातल्या `/L` या स्विचमुळे तो प्रत्यक्षात काहीच करत नाही, काय करणार आहे ते फक्त सांगतो. ही सवय फार मोलाची, कारण `/MIR` म्हणजे आरसा: जुन्या जागी जे नाही ते नव्या जागेवरून तो पुसूनही टाकतो. तालीम संपली आणि लॉगच्या तळाशी आकडा आला ६४० जीबी. रोजचा फरक चाळीसचा. बाकीचे ६०० जीबी एका दिवसात ऑफिसने तयार केले असतील, तर आमच्या कार्यक्षमतेवर माझा विश्वास बसायला हवा होता. तो बसेना, म्हणून लॉग वर सरकवला.

```
   New Dir    271402   \\junafs\data\Accounts\Old\2009\
 *EXTRA Dir       -1   \\navafs\data\Accounts\2009\
```

खाली २०१०, २०११, असं करत २०१९ पर्यंत हीच जोडी. ही जोडी दिसली की समजायचं, नवं काही आलेलं नाही, कोणीतरी घर आवरलंय. New Dir म्हणजे जुन्या सर्व्हरवर अचानक उगवलेलं फोल्डर, EXTRA Dir म्हणजे नव्या सर्व्हरवर अचानक अनाथ झालेलं. दोन्ही एकच.

अकाउंट्समधल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन लावला. त्यांचा आवाज समाधानाने भरलेला होता. "हो हो, तुमचा मेल वाचला ना. म्हटलं, तुम्ही सामान हलवणारच आहात, तर आपण जरा नीट लावून देऊ. अकरा वर्षांची व्हाउचरं Old मध्ये टाकली. एका सेकंदात झालं बघा!"

एका सेकंदात होतं, तेच तर दुखणं. त्याच डिस्कवर फोल्डर हलवलं की आतल्या फाइली जागच्या हलत नाहीत, फक्त पत्ता बदलतो. robocopy मात्र पत्त्यावरच जातो. त्याच पत्त्यावर त्याच नावाची, त्याच आकाराची, त्याच तारखेची फाइल असेल तर ती सोडतो. पत्ता बदलला की त्याच्या लेखी ती फाइल आज जन्मली. अकरा वर्षांची मिळून ३० लाख स्कॅन केलेली व्हाउचरं. सेकंदाला १०० फाइली धरल्या तरी सव्वाआठ तास, आणि त्यात नव्या सर्व्हरवरची आधीची कॉपी पुसण्याचा वेळ धरलेला नाही.

उपाय त्यांनीच दाखवला होता. मी नव्या सर्व्हरवर Accounts मध्ये Old नावाचं फोल्डर केलं आणि तिथलीही अकरा वर्षं तशीच आत टाकली. एका सेकंदात झालं. पुन्हा तालीम घेतली: ४१ जीबी. `/L` काढून खरी कॉपी चालवली. ती संपली, शेवटी FAILED च्या रकान्यात शून्य दिसलं, तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकली. हा उपाय सरसकट चालत नाही, हे सांगायला हवं. त्यांनी फोल्डरच्या फोल्डर उचलले म्हणून निभावलं. फाइली एकेक वेचून पंचवीस ठिकाणी वाटल्या असत्या, तर गुपचूप सव्वाआठ तास बसणं आलं.

शनिवारी जुन्या सर्व्हरचं नाव नव्याला दिलं, परवानग्या तपासल्या, निरनिराळ्या विभागांच्या फाइली उघडून पाहिल्या. रविवारी काहीच झालं नाही. त्याबद्दल कोणाचा मेल येत नाही.

सोमवारी सकाळी पहिला फोन विक्री विभागातून. "माझी फाइल जुनी दिसतेय. शनिवारी मी त्यात बरंच काम केलं होतं."

"शनिवारी ड्राइव्ह बंद होता सर."

"हो, म्हणून तर शुक्रवारी डेस्कटॉपवर कॉपी करून ठेवली आणि त्यात काम केलं."

"मग ती डेस्कटॉपवर आहे."

"तीही आहे. पण शुक्रवारी कॉपी केल्यानंतर ड्राइव्हवरच्या फाइलीतही मी थोडे बदल केले होते."

"मग दोन्हींतली बरोबर कुठली?"

ते जरा थांबले. "दोन्ही."

या गोष्टीवर माझ्याकडे कुठलाही स्विच नाही. दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून आम्ही ओळीओळीने फरक काढत बसलो. तेवढ्यात अकाउंट्सचे सहकारी खास आभार मानायला खाली आले. नवा सर्व्हर छान चालतोय म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि तो जुना? फेकला का?"

मी सांगितलं, महिनाभर तसाच ठेवणार, फक्त वाचण्यापुरता. काही राहिलं असेल तर काढता येतं.

"मग असं करा ना," ते म्हणाले, "मला महिनाभर जुनाच द्या. त्यात मी आत्ताच सगळं नीट लावलंय."