दिवे विझलेल्या चौकात

"सिग्नल बंद पडला तर तिकडे आधी कोण जातं? आणि पिवळा नुसता उघडझाप करत असेल तर?" असे भारतातून भाच्याने विचारले आहे.

येथे ब्रिटनमध्ये दिवे पूर्ण विझले की पहिला हक्क कोणाचाच राहत नाही. तो खुणा नसलेला चौक समजून अतिशय सावधपणे जायचे. भारताचा नियम याहून स्पष्ट आहे: मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यावे आणि तसा रस्ता ठरवलेला नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला. त्यामुळे "हवालदारच नाही, तर आम्ही काय करणार?" हा आपल्याकडचा सूर मला पटत नाही.

अर्थात नियमालाही मर्यादा आहे. एकदा वीज गेली असताना आमच्या चौकात चारही बाजूंनी एकेक गाडी येऊन थांबली होती आणि प्रत्येकाच्या उजवीला कोणीतरी होतेच. शेवटी समोरच्या बाईंनी हाताने खूण करून माझ्या उजवीकडच्या व्हॅनला वाट दिली. ती निघताच माझी उजवी बाजू मोकळी झाली. मी गेलो, मग माझ्या डावीकडचा आणि सर्वांत शेवटी त्या बाई. चार-चार पदरी रस्त्यांवर इतके सरळ जमेल का, याची मला खात्री नाही.

लुकलुकणारा पिवळा म्हणजे थांबायचे कारण नाही, असे माझे मामा म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. भारतात तेथे थांबण्याची सक्ती नसली, तरी वेग कमी करून सावधपणेच पुढे जायचे असते. येथे तो दिवा पादचाऱ्यांच्या काही क्रॉसिंगवर दिसतो आणि कोणी रस्ता ओलांडत असेल, तर थांबावेच लागते.

स्थिर पिवळ्याचे गणित मला गाडी शिकवणाऱ्या बाईंनी समजावले. तो येथे तीन सेकंद असतो आणि त्याचा अर्थ थांबा असाच आहे. ताशी ४८ किलोमीटर वेगात विचार करून, ब्रेक लावून पूर्ण थांबेपर्यंत गाडी सुमारे २३ मीटर जाते. रेषा त्याहून दूर असेल तर थांबावे; इतकी जवळ असेल की थांबल्याने अपघात होईल, तरच पुढे जावे. माझी बहीण हे ऐकून तिला झालेल्या दंडाची हकिकत सांगू लागली, पण तिने रेषा ओलांडली तेव्हा दिवा लाल झालेला होता.

मला खरी काळजी लुकलुकणाऱ्या लालची वाटते. भारतात तेथे पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल तर निघता येते. येथे रेल्वे फाटकावर तोच लाल लुकलुकत असेल, तर आगगाडी गेली तरी दिवे विझेपर्यंत हलायचे नाही, कारण दुसरी आगगाडी येत असू शकते. भाच्या, इकडे आलास की हा फरक आधी लक्षात ठेव.