शि आणि व यांच्यातला रफार

भावाच्या लग्नाची पत्रिका मी मोबाइलवर तयार केली आणि मोठ्या ऐटीत वेंगुर्ल्याला आजोंना दाखवली. त्यांनी उमेदीची वर्षं एका छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली आहेत, उलटी अक्षरं डाव्या हातात धरून वाचत. चष्मा पुसून त्यांनी पत्रिका वाचली आणि एवढंच म्हणाले, "झिला, शेवटची ओळ जरा मोठ्यान वाच बघया."

मी वाचलं, "आपले शुभ आशीर्वाद..."

"तू वाचतंस ता बरोबर. पण लिवलंस काय?"

लिहिलं होतं 'आर्शिवाद'. शंभर वेळा बघूनही मला दिसलं नव्हतं, कारण जीभ आपोआप बरोबर वाचत होती.

आजो म्हणाले, रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर, त्याच्या आधी र उच्चारायचा. शिवर ठेवलास तर 'आर-शिवाद' झालं. आपण 'आशीर-वाद' म्हणतो, म्हणजे र वच्या आधी, म्हणून रफार ववर. एवढं मला लगेच पटलं. शि दीर्घ का, हे मात्र विचारावं लागलं. मूळ शब्द 'आशिस्'. पुढे 'वाद' आला की स् चा र् होतो आणि त्याच्या आधीची इ लांबते. 'गिर्' पासून 'गीर्वाण' होताना लांबते तशीच. मी लगेच शहाणपणा केला, "मग निर्वाणाचा नि ऱ्हस्व कसा?" आजो हसले. "तो निर् उपसर्ग. हो नियम धातूच्या र् चो." मग चहा प्यायले.

अशी चूक होण्याचं एक कारण नंतर सापडलं. जुन्या टाइपरायटरवर रफाराची वेगळी कळ असायची आणि अक्षर झाल्यावर ती दाबायची, त्यामुळे एका अक्षराची घाई झाली की रफार भलत्याच डोक्यावर. मोबाइलवर युनिकोडमध्ये उलट आहे: आधी र, मग हलन्त, मग व. म्हणजे बोलण्याचाच क्रम. तरी मी चुकलो, कारण मी ऐकून नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रिकेवर पाहिलेलं आठवून लिहिलं.

दुकानांच्या पाट्यांचे फोटो टाकून 'मराठीची वाट लागली' म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच कंटाळा येतो. (मीही टाकलेत, कबूल.) आजोंनी चूक हा शब्दही वापरला नाही. मोठ्यानं वाचायला लावलं, आणि तेही छापायच्या आधी.

परवा मुलीकडची पत्रिका आली. पहिल्याच पानावर ठसठशीत सोनेरी 'आर्शिवाद'. आजोंनी ती सावकाश पूर्ण वाचली, कुंकू लावलं, देवासमोर ठेवली. मी त्या शब्दावर बोट ठेवायला गेलो.

"गप रव," ते म्हणाले. "ही छापून झाली."