जिच्यातून गाणं जात नाही ती तार

रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं म्हणजे एक लाकडी पेटी उचलायची आणि ठेवायची, असा माझा समज होता. पहिल्यांदा सगळी जोडणी मेहुण्याने करून दिली होती. पण मागच्या दोन पिना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. लाल ती लालमध्ये, पांढरी ती पांढऱ्यात. बालवाडीतलं मूलही हे करील, मग मी का नाही?

केलं. राहता राहिली एक बारीकशी तार. दोन जाड केबलींच्या मधून ती ओशाळल्यासारखी लोंबत होती, आणि तिच्या टोकाला पिन नव्हती, यू आकाराचा पत्र्याचा छोटा चिमटा होता. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे तसल्या आकाराचं भोक मी शोधलं. नव्हतं. तेव्हा ही कारखान्यात पेटी बांधायला वापरली असणार आणि कापायची राहून गेली असणार, असा निष्कर्ष काढून मी तिची छान गुंडाळी केली, वर गाठ मारली आणि कपाटामागे सारून दिली. ती कापली नाही, हीच काय ती मी दाखवलेली दूरदृष्टी. तीही कात्री सापडली नाही म्हणून.

मग अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, आवाजाचा खटका वर नेला आणि खोलीत एक भला मोठा भुंगा शिरला. ‘घूंऽऽऽ’. सुई अजून रेकॉर्डवर टेकलेलीही नव्हती.

“अहो, हे गाणं आहे की पंप?” आतून प्रश्न आला.

सुई टेकवली तर गाणंही लागलं, अगदी व्यवस्थित. डावं डावीकडून, उजवं उजवीकडून. फक्त गायिकेच्या मागे कुणीतरी एकच सूर धरून बसलं होतं, आणि तो सूर तिच्या कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. माझी फसगत झाली ती इथे. गाणं नीट वाजतंय म्हणजे तारा नीट जोडल्या आहेत, तेव्हा दोष बाहेरचा असणार, असं मी धरून चाललो.

मग घरातल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची झडती सुरू झाली. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद केला आणि पुन्हा चालू करायला विसरलो, त्याचे परिणाम वेगळे. केबल बदलली. स्पीकर लांब नेले. अंधारात, पंख्याविना, घामाघूम होऊन मी भुंगा ऐकत बसलो. त्याच्यात तसूभरही फरक नव्हता. थाळी थांबवली तरी तो होताच, म्हणजे मोटारीची किंवा बेअरिंगची घरघर नव्हे. आवाज कमी केला की तोही कमी व्हायचा. आणि अ‍ॅम्प्लिफायरचा खटका फोनोवरून, म्हणजे टर्नटेबलच्या जोडणीवरून, रेडिओवर फिरवला की संपूर्ण शांतता. आज कळतं की या तीन गोष्टींनी चोराचा पत्ताच हातात दिला होता: बिघाड फोनोच्या वाटेवर, टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये. पण मी तेव्हा फ्रिजवर संशय घेण्यात गुंतलो होतो.

शेवटी मेहुण्याला बोलावलं. त्याने काहीही न विचारता सुई धरणाऱ्या टोनआर्मच्या धातूच्या नळीवर एक बोट टेकवलं. भुंगा दुप्पट झाला. बोट काढलं, भुंगा पूर्ववत.

“भाऊजी, बारीक तार कुठंय?”

“कुठली?” मी म्हणालो. मला माहीत होतं कुठली.

त्याने उत्तर दिलं नाही. एक बोट टोनआर्मवर ठेवून दुसऱ्या हाताचं बोट अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे GND, म्हणजे ग्राउंड, लिहिलेल्या स्क्रूला लावलं. भुंगा एकदम मलूल झाला. “आत्ता ती तार मी आहे,” तो म्हणाला. हा इलाज मला पसंत पडला. पूर्ण रेकॉर्ड संपेपर्यंत तसाच उभा राहशील का, असं मी विचारूनही पाहिलं. तो नाही म्हणाला, आणि कपाटामागे हात घालून माझी ती सुबक गुंडाळी बाहेर काढली. गाठ सोडवायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत त्याने मला जे सांगितलं, ते मला गाठीपेक्षा लवकर सुटलं.

सुई ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजमधून बाहेर येतात चार तारा, केसासारख्या बारीक. डाव्या बाजूची एक जाणारी, एक परतीची, उजव्या बाजूच्या तशाच दोन. गाण्याचा सगळा कारभार या चौघी उरकतात, आणि परतीच्या दोघी पुढे केबलच्या बाहेरच्या जाळीतून घरी जातात. पाचवीचा गाण्याशी काही संबंधच नाही. ती निघते टोनआर्मच्या नळीपासून आणि टर्नटेबलच्या धातूच्या अंगापासून. तिच्यातून सुराचा कणही जात नाही, म्हणून ती नसली तरी गाणं वाजतं, आणि म्हणूनच तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

“मग ती करते काय?”

“छत्री धरते.”

भिंतीतल्या वायरिंगमधली वीज, तिला कुणी हात न लावताही, हवेतून आसपासच्या धातूंवर थोडी थोडी पाझरत असते. दोन धातू आणि मध्ये हवा, म्हणजे झाला कपॅसिटर. तो विकत आणावा लागत नाही. टोनआर्मची नळी ही आतल्या चार केसांवर धरलेली छत्री आहे. पण तिला कुठे जोडलंच नाही, तर ती स्वतःच विजेच्या तालावर हलायला लागते, सेकंदाला 50 वेळा, काही देशांत 60 वेळा, आणि ती हालचाल आतल्या तारांना देते. पाचवी तार नळीला अ‍ॅम्प्लिफायरच्या शून्याशी बांधते. वीज पाझरायची थांबत नाही. फक्त नळीचं शून्य आणि अ‍ॅम्प्लिफायरचं शून्य एकच झालं, की त्याला ऐकण्यासारखा फरकच उरत नाही.

बोटाचं कोडंही इथेच सुटलं. आपलं शरीर म्हणजे चांगली ऐसपैस अँटेना. मोकळ्या नळीला ती जोडली, की भुंग्याला बळ येतं. काही ठिकाणी उलट तो कमीही होतो. मेहुण्याच्या मते दिशेला महत्त्व नाही: बोट लावल्यावर आवाज बदलला, की आधी पाचवी तार बघायची.

“पण एवढीशी वीज, आणि एवढा मोठा आवाज?”

इथे तो खुलला. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट. त्यांना ऐकण्याजोगं करायला फोनोचा भाग ते साधारण 100 पट वाढवतो. पण सगळ्या सुरांना सारखंच नाही. रेकॉर्ड कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबून कोरतात. नाहीतर खर्जाला सुई इतकी डोलेल की खाचा एकमेकींत घुसतील, आणि खाचा रुंद ठेवाव्यात तर एका बाजूत गाणी मावणार नाहीत. वाजवताना तेच दाबलेले सूर तितकेच उचलून घ्यायचे. किती दाबायचे आणि किती उचलायचे, याचं प्रमाण 1954 सालापासून ठरलेलं आहे, आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने. त्या हिशेबात 50 हर्ट्झचा सूर मधल्या, 1000 हर्ट्झच्या सुरापेक्षा सातेक पट जास्त उचलला जातो. म्हणजे एकूण जवळजवळ 700 पट.

आता भुंग्याचा सूर कोणता? 50 हर्ट्झ. म्हणजे बिनतिकीट घुसलेल्याला आपणच पहिल्या वर्गात बसवतो, वर उशीही देतो. रेडिओच्या वाटेवर ही बडदास्त नसते, म्हणून तिथे शांतता होती. फ्रिजची माफी मागावी असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

गाठ सुटली. मी उत्साहाने भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटकडे वळलो. अर्थिंगच हवं ना, मग खऱ्या अर्थिंगलाच जोडू. मेहुण्याने माझं मनगट धरलं. त्या वीस मिनिटांत तो फक्त एवढ्या वेळीच चिडला. सॉकेटच्या भोकात सुटी तार खुपसणं म्हणजे जिवाशी खेळ; भोक चुकलं तर दुरुस्ती गाण्याची उरत नाही. आणि तार योग्य भोकात गेली तरी काम बिघडतंच. अ‍ॅम्प्लिफायरला बहुधा त्याच्या प्लगमधून स्वतःचं अर्थ असतं. टर्नटेबलला भिंतीतून दुसरं दिलं, की जमिनीकडे दोन वाटा होतात, त्या दोन टोकांत बारीकसा फरक असतो, आणि त्या फरकाचा प्रवाह आपल्या केबलींच्या जाळीतून गोल फिरायला लागतो. म्हणजे भुंगा पुन्हा हजर, फक्त मागच्या दाराने. पाचवीला जायचं असतं अ‍ॅम्प्लिफायरच्या GND स्क्रूकडे, आणि फक्त तिकडेच. याच्या उलटं, भुंगा जावा म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभागही असतात. ती पिन माणूस वाचवायला असते, हे त्याने मला दोनदा सांगितलं. माझा स्वभाव त्याला माहीत आहे.

मग अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, GND चा स्क्रू दोन फेरे सैल केला, चिमटा त्याच्याखाली सरकवला, बोटाने घट्ट केला. एवढंच. अर्धं मिनिट. चालू केला. उजवा स्पीकर निमूट. डावा मात्र पूर्वीपेक्षाही जोरात भणभणायला लागला.

मी मेहुण्याकडे पाहिलं, तसं रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरकडे पाहावं. तो मागे वाकला आणि पांढरी पिन जरा दाबली. कपाट भिंतीला लावताना मीच तिला धक्का दिला होता. मधलं टोक लागलेलं, बाहेरचं कडं सुटलेलं, म्हणजे डाव्या बाजूची परतीची वाटच बंद. एकाच बाजूला भुंगा असेल तर पाचवीला बोल लावू नका, आधी त्या बाजूची पिन बघा, असं म्हणून तो हात धुवायला गेला.

शांतता झाली. आम्ही गाणं ऐकलं. मेहुणा घरी गेला.

रात्री मात्र मला राहवेना. सुई वर उचललेली, आवाज शेवटपर्यंत चढवलेला, कान स्पीकरला लावलेला. होता! अगदी बारीक, पण होता. टोनआर्म मधोमध, मोटारीकडे नेला की किंचित वाढायचा, बाहेर आणला की कमी. मी फोन लावला.

“ते मोटारीचं चुंबकीय क्षेत्र,” मेहुणा जांभई देत म्हणाला. “कार्ट्रिजची कॉइल ते थेट पकडते. पाचव्या तारेचं त्यात काही चालत नाही. पण भाऊजी, सुई वर ठेवून, आवाज पूर्ण चढवून, रात्री साडेअकराला कोण ऐकतं?”

“मी,” मी म्हणालो.

“आणि मी,” आतून आवाज आला.

मी खटका खाली आणला.